चॅट संपलं, आता मेल कसा लिहायचा?

ऑनलाइन जॉब फेअरमध्ये रिक्रूटर एकाच वेळी तीन-चार चॅट सांभाळत असतो. ना चेहरा, ना आवाज. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ‘काल आपलं बोलणं झालं’ एवढंच लिहिलेला मेल त्याला कशाचीच आठवण करून देत नाही.

पुण्यातल्या मेकॅनिकलच्या एका विद्यार्थिनीने वेळ संपण्याआधीच अख्खं चॅट कॉपी करून ठेवलं. बरंच केलं, कारण काही ठिकाणी चॅटची विंडो बंद झाली की मजकूरही जातो! रिक्रूटरने विचारलं होतं, ‘फिक्श्चर डिझाइन केलंय का?’ घाईत तिने नुसतं ‘हो’ टाइप केलं होतं.

मेलमध्ये तिने तोच धागा पकडला. विषयात फेअरचं नाव, तारीख आणि जॉब आयडी. पहिल्या ओळीत रिक्रूटरचा प्रश्न, पुढे दोन वाक्यांत कॉलेज प्रोजेक्टमधल्या ड्रिलिंग फिक्श्चरची माहिती आणि ‘पोर्टलवर अर्ज भरला आहे’ ही नोंद. सोबत रेझ्युमे. अख्खं चॅट मात्र चिकटवलं नाही. ते कुणी वाचत नाही.

एक गोची राहिलीच. चॅटमध्ये तिचं नाव ‘sonu_07’ दिसत होतं, रेझ्युमेवर वेगळंच. म्हणून सहीखाली चॅटमधलं नावही लिहावं लागलं. तुम्ही फेअरमध्ये शिरण्याआधीच प्रोफाइलचं नाव तपासा.