पोट उडतंय? श्वास मोजा

दहा महिन्यांचं, आठ किलोचं बाळ खोकतंय, पोट उडतंय. ते शांत असताना आशाताईंनी पूर्ण एक मिनिट श्वास मोजले: ५४. रडत्या बाळाची मोजणी फसवी असते. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. एक ते पाच वर्षांत ४०.

आरोग्य केंद्रात २५० मिलिग्रॅमची अमॉक्सिसिलिनची विरघळणारी गोळी मिळाली. चमचाभर पाण्यात विरघळवून सकाळ-संध्याकाळ एकेक, पाच दिवस. दुसऱ्या दिवशी बाळ खेळू लागलं की डोस थांबतो, नेमकी तीच चूक. दोन दिवसांनी पुन्हा दाखवायचं.

बाळ दूध ओढत नसेल, सगळं ओकत असेल, झटके आले, गुंगीत असेल किंवा शांत असतानाही श्वासाला घरघर असेल, तर लगेच रुग्णालय गाठा. दोन महिन्यांखालचं बाळ धापत असेल तरीही.