एक कनेक्शन, चौघांचे बिल

भाड्याच्या फ्लॅटमध्ये चौघे मिळून एक ब्रॉडबँड कनेक्शन घेतात, तेव्हा बिलाचे चार सारखे भाग पडतात आणि बरेच महिने त्यावर कोणी बोलत नाही. एकाचे डाउनलोड इतरांच्या कित्येक पट वाढले, की ‘जो जास्त वापरतो त्याने जास्त भरावे’ अशी कुरबुर सुरू होते. मागणी रास्त वाटते, पण नेटचे बिल लाइट बिलाप्रमाणे युनिटवर येत नाही. प्लॅनची रक्कम ठरलेली असते. महिन्यात 300 जीबी वापरले काय आणि 900 जीबी वापरले काय, बिल तेवढेच. म्हणून नियम ठरवण्याआधी जास्त डाउनलोडमुळे इतरांचे नेमके काय नुकसान होते, हे पाहावे लागते.

पहिले नुकसान लिमिटचे. ‘अनलिमिटेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक प्लॅनना महिन्याची डेटा मर्यादा असते. ती ओलांडल्यावर नेट बंद पडत नाही, पण वेग एकदम खाली येतो. उदाहरणादाखल पुण्यातला चौघांचा एक फ्लॅट धरू. प्लॅन 100 एमबीपीएसचा, महिन्याला 799 रुपयांचा. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून बिल 943 रुपये. मर्यादा 1,000 जीबी आणि ती संपल्यावर वेग 2 एमबीपीएस. तिघांचा वापर अनुक्रमे 190, 170 आणि 130 जीबी, तर गेम आणि टोरेंट उतरवणाऱ्या चौथ्याचा 760 जीबी. एकूण 1,250 जीबी, म्हणजे दिवसाला साधारण 42 जीबी. या हिशेबाने चोविसाव्या दिवशी लिमिट संपते आणि शेवटचे सहा दिवस चौघांना मिळून 2 एमबीपीएसवर भागवावे लागते. तिघांचा मिळून वापर 490 जीबीच असूनही त्रास त्यांनाही होतो.

दुसरे नुकसान रोजचे आहे आणि ते लिमिट शिल्लक असतानाही होते. 100 एमबीपीएसच्या लाइनवर तासाला जास्तीत जास्त 45 जीबी उतरतात. 90 जीबीचा गेम रात्री नऊला सुरू केला, तर अकरापर्यंत लाइन भरलेली राहते. व्हिडिओ कॉलला वेग फार लागत नाही, पण त्याचा डेटा वेळेत पोचावा लागतो. लाइन भरली की तो अडकून राहतो. आवाज तुटतो, चेहरा गोठतो. टोरेंटमध्ये आणखी एक मेख आहे: फाइल उतरून झाली तरी ती इतरांना पाठवणे चालूच राहते. त्यामुळे अपलोडची बाजू भरते आणि डाउनलोड थांबलेले असतानाही कॉल अडखळतात.

मात्र नेट स्लो झाले की दर वेळी दोष डाउनलोड करणाऱ्याचाच असतो असे नाही. खात्री करायला लॅपटॉपवर दोन कमांड पुरतात. पहिली फ्लॅटमधल्या राउटरपर्यंतचा वेळ मोजते, दुसरी बाहेरच्या सर्व्हरपर्यंतचा. राउटरचा पत्ता बऱ्याचदा खाली दिलेलाच असतो; वेगळा असेल तर तो घालावा.

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
```

राउटरकडूनच उत्तर यायला शेकडो मिलिसेकंद लागत असतील, तर अडचण बहुधा वायफायची आहे. राउटर हॉलमध्ये आणि लॅपटॉप आतल्या खोलीत असला की असे होते. राउटरचे उत्तर लगेच येते, पण बाहेरचा आकडा डाउनलोड चालू असताना दहा-वीसवरून दोन-तीनशेवर जातो आणि डाउनलोड थांबवताच खाली येतो, तर लाइन भरल्याचे समजावे.

कोणी किती वापरले, हे कंपनीच्या अॅपवर दिसत नाही. तिथे सगळ्या फ्लॅटचा एकत्र आकडा असतो. काही राउटर प्रत्येक उपकरणाचा वापर दाखवतात, पण तो हिशेबही पक्का नसतो. वायफायवर फोन आपली खरी ओळख लपवतात, त्यामुळे एकच फोन यादीत दोनदा येऊ शकतो, शिवाय राउटर रीस्टार्ट झाला की काहींतले आकडे पुसले जातात. त्यामुळे जीबीच्या प्रमाणात बिल वाटणे दिसते तितके सोपे नाही. वरच्या उदाहरणात त्या पद्धतीने चौथ्याला 573 रुपये आणि सर्वांत कमी वापरणाऱ्याला 98 रुपये येतात. पण जास्त पैसे भरल्याने चोविसाव्या दिवशीचे लिमिट वाढत नाही आणि रात्री नऊचा कॉलही सुधारत नाही. उलट, पैसे भरले म्हणजे कधीही डाउनलोड करायला मोकळीक, असा अर्थ निघतो.

त्यापेक्षा मूळ बिल समान वाटावे, जास्त वापरामुळे वाढणारा खर्च ज्याच्यामुळे वाढला त्याच्याकडे जावा आणि वेळेचे बंधन सर्वांना सारखे असावे. फ्लॅटच्या ग्रुपवर टाकायचा मेसेज असा असू शकतो:

“मंडळी, नेटचं जरा बोलायचं होतं. मागच्या महिन्यात 1,250 जीबी वापर झाला, लिमिट 24 तारखेला संपलं आणि शेवटचे सहा दिवस सगळ्यांचेच हाल झाले. माझ्या डोक्यात असं आहे: 943 रुपये चौघांत समान, प्रत्येकी 236. दर महिन्याला प्रत्येकाचे 250 जीबी धरू. ज्याला नेहमीच जास्त लागतं, त्याच्यासाठी 999 चा मोठ्या लिमिटचा प्लॅन घेऊ. टॅक्स धरून बिल 1,179 होईल, वरचे 236 त्याने भरायचे. मोठी डाउनलोड रात्री एक ते सकाळी सात. दिवसा करायचीच असतील तर 30 एमबीपीएसची मर्यादा लावून, आणि टोरेंटचं अपलोड कायम कमी ठेवून. 20 तारखेला अॅपवरचा आकडा ग्रुपवर टाकत जाऊ. कुणाला काही बदल हवा असेल तर सांगा, रविवारी जेवताना फायनल करू.”

मेसेजमध्ये कोणाचे नाव नाही, पण आकडे आहेत. त्यामुळे बोलणे माणसावर न जाता वापरावर राहते. 30 एमबीपीएसची अटही जाचक नाही: 90 जीबीचा गेम त्या वेगाने सहा तास चाळीस मिनिटांत उतरतो. ही मर्यादा स्टीममध्ये डाउनलोडच्या सेटिंगमधून लावता येते, आणि क्यूबिटटोरेंटमध्ये ठरावीक वेळेपुरता वेग आपोआप कमी करण्याची सोय आहे. काही राउटरवर ‘Bandwidth Control’ किंवा ‘QoS’ या नावाने एखाद्या उपकरणाचा वेग बांधता येतो. मात्र राउटरचा पासवर्ड एकाच्याच हातात असेल, तर तसे करण्याआधी सर्वांना सांगणे बरे.

दोन गोष्टी सुरुवातीलाच लिहून ठेवाव्यात. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले असतील आणि कोणी मधेच फ्लॅट सोडला, तर उरलेल्या महिन्यांचा त्याचा वाटा नव्याने येणाऱ्याने द्यावा. दुसरे, कनेक्शन ज्याच्या नावावर आहे, त्याच्या कागदपत्रांवर सगळ्यांचा वापर नोंदला जातो. पायरेटेड सिनेमे उतरवल्याची विचारणा झाली, तर ती आधी त्याच्याकडे येईल. त्यामुळे अशा डाउनलोडला नकार देण्याचा हक्क त्याला असावा.

मोठा प्लॅन घेऊनही लिमिट महिनोन्महिने संपत असेल, किंवा एखाद्याच्या कामासाठी दिवसाच मोठ्या फाइल पाठवाव्या लागत असतील, तर वाटणीच्या नियमाने प्रश्न सुटत नाही. तेव्हा त्याने स्वतःचे वेगळे कनेक्शन घ्यावे आणि सामायिक बिलाचे तीन भाग करावेत. तिघांच्या 490 जीबीला 943 रुपयांचा जुना प्लॅन पुरतो. प्रत्येकाचा वाटा 236 वरून 314 रुपयांवर जातो, म्हणजे महिन्याला 78 रुपये जास्त.