‘फ्लश’ म्हणजे नेमकं काय?

रुग्णालयाच्या इंग्रजी कागदावरच्या ‘फ्लश’चं भाषांतर ‘नळी धुवा’ असं केलं, तर एखादी सून नाकातली नळी बाहेरूनच पुसून काढेल! मराठीत स्पष्ट लिहावं लागतं: भरवण्याआधी आणि नंतर सिरिंजने साधारण ३० मिली कोमट पाणी नळीतून सोडा. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर त्यांचंच माप पाळा.

‘पातळ करा’ हेही अपुरंच. वरण-भात मिक्सरमधून काढला तरी डाळीची सालं उरतात आणि नळी तुंबते. म्हणून बारीक गाळणीतून गाळायचं.

भरवताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास उशाकडची बाजू उंच ठेवायची. नाकपुडीजवळची खूण सरकलेली दिसली, तर काहीही न भरवता आधी नर्सला फोन.