ऐवजी असे वाचावे : चुकलेला भाव आणि चुकलेली तारीख

सरकारी कामकाजात शुद्धिपत्रक नावाचा एक कागद असतो. निविदेत रक्कम किंवा तारीख चुकली, तर दुसरा कागद निघतो आणि त्यात लिहिलेलं असतं, 'अमुक ऐवजी तमुक असे वाचावे'. भाषा रुक्ष आहे, पण तिच्यात शहाणपण आहे. चूक आणि बरोबर, दोन्ही एकाच ओळीत शेजारी बसतात. ज्यानं आधीचं वाचलं, त्याला नेमकं काय बदललं ते कळतं. हीच रीत आज आपण दुकानदाराच्या मोबाइलवर लावून बघू.

समजा, आपल्या परतवाड्यातल्या एका कापड दुकानानं दिवाळीआधी सकाळी ९ वाजता जाहिरात टाकली. चादर ७९९ रुपयांची, चित्रात छापलं ४९९. पावणेबाराला ते लक्षात आलं. तोवर ५ जणांनी पैसे पाठवले होते आणि ९ जणांनी 'माझ्यासाठी ठेवा' असं लिहिलं होतं.

पहिला मोह होतो तो जाहिरात पुसून टाकण्याचा. पण पुसल्यावर ग्रुपमध्ये 'मेसेज डिलीट केला' अशी खूण राहते आणि ते चित्र तर केव्हाच दुसऱ्या ग्रुपांत गेलेलं असतं. म्हणजे चूक गावभर फिरत राहते, आणि दुरुस्ती जिला जोडायची ती मूळ जाहिरातच आपल्याकडे उरत नाही.

म्हणून पुसू नये. आधी ठरवावं, मग लिहावं. ठरवायचं हे, की चुकीच्या भावावर कोण विसंबलं? जाहिरात म्हणजे सहसा विकत घेण्याचं निमंत्रण, करार नव्हे, असं कायदा मानतो. पण पैसे स्वीकारले की गोष्ट बदलते. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २२ सांगतं, की केवळ एका पक्षाची समजूत चुकली एवढ्यानं करार रद्द करता येत नाही. तेव्हा त्या ५ जणांना ४९९ लाच चादर द्यावी. उरलेल्या ९ जणांचा प्रश्न कायद्याचा कमी आणि शब्दाचा जास्त आहे. त्यांनी आपल्या शब्दावर भरवसा ठेवून मागणी केली. दर चादरीमागे ३०० रुपये, म्हणजे १४ चादरींचे ४,२०० रुपये. हा आकडा आधी मांडला की निर्णय शांतपणे घेता येतो. दुकानाला एवढं झेपत नसेल, तर तेही त्या ९ जणांना एकेकाला फोन करून सांगावं.

मग लिहावं : 'दुरुस्ती. आज सकाळी ९ च्या जाहिरातीत चादरीचा भाव ४९९ रुपये छापला गेला, त्याऐवजी ७९९ असे वाचावे. ही दुरुस्ती येण्यापूर्वी ज्यांनी पैसे भरले किंवा मागणी नोंदवली, त्यांना ती ४९९ लाच मिळेल. चूक दुकानाची आहे.' इथे 'संध्याकाळपर्यंत' असं लिहू नये. तसं लिहिलं तर दुरुस्तीच नवी सवलत होऊन बसते.

आता हे टाकायचं कुठे? व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर १५ मिनिटांपर्यंतच बदलता येतो. ती वेळ गेली असेल, तर त्याच मेसेजला 'रिप्लाय' करून दुरुस्ती लिहावी. जुनं आणि नवं एकत्र दिसतं. इन्स्टाग्रामवर मजकूर बदलता येतो, पण टाकलेलं चित्र बदलून दुसरं लावता येत नाही. तिथे 'दुरुस्ती' ही मजकुराची पहिली ओळ हवी. पैसे देऊन जाहिरात चालवली असेल, तर ती सगळ्यांआधी थांबवावी. आणि गल्ल्याजवळ एक कागद चिकटवावा, कारण सगळे मोबाइल बघूनच येतात असं नाही.

तारखेचं गणित मात्र वेगळं आहे. चुकलेल्या भावाचा फरक पैशानं भरून काढता येतो, पण वाया गेलेला दिवस परत देता येत नाही. धारणी किंवा सेमाडोहहून माणूस एसटीनं आला आणि शटर बंद दिसलं, तर दुरुस्ती किती सुंदर लिहिली होती याला काय अर्थ? म्हणून छापलेली तारीख खऱ्या तारखेच्या आधीची असेल, तर शक्यतो त्याही दिवशी दुकान उघडं ठेवून तोच भाव द्यावा. ते जमत नसेल, तर बाहेरगावच्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना फोन करावा. तारखेसोबत वारही छापावा. दोन्ही जुळले नाहीत की चूक लवकर सापडते. पण जाहिरात तशीच गेली, तर कोणी वार धरतो, कोणी तारीख, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

दुरुस्ती पोचली की नाही, हे 'लाइक' मोजून कळत नाही. गल्ल्यावर एक वही ठेवावी आणि जुना भाव घेऊन कितीजण आले ते रोज लिहावं. दुसऱ्या दिवशीही लोक ४९९ चं चित्र दाखवत असतील, तर दुरुस्ती पुन्हा टाकावी. दुरुस्ती न बघता दुरून आलेल्या माणसाला त्या भावात एक चादर द्यायची का, हेही आधीच ठरवून काउंटरवरच्या सगळ्यांना सांगून ठेवावं. एकाच चित्रावर एका नोकरानं 'हो' म्हटलं आणि दुसऱ्यानं 'नाही', तर गिऱ्हाईक मूळ चूक विसरेल, पण तो भेदभाव विसरणार नाही.