दारावरची घंटी, फोनवरचा निरोप

अमेरिकेतल्या अनेक घरांत दारावरची घंटी १६ व्होल्ट एसीच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर वाजते. त्याची क्षमता बऱ्याचदा जेमतेम १० व्हीए. कंट्रोलरही त्यावरच चालवला, तर घंटीचा आवाज मंदावू शकतो. म्हणून कंट्रोलरला मोबाइलचा वेगळा चार्जर बरा.

बटण दाबल्याचं कळावं म्हणून घंटीच्या कॉइलला समांतर एच११एए१ हा ऑप्टोकपलर लावतात आणि त्याच्या वाटेत २.२ किलोओहमचा रेझिस्टर. करंट वाहतो फक्त ७ मिलिअँपिअरच्या आसपास. इशारा पलीकडे जातो तो प्रकाशानं. दोन्ही सर्किटं एकमेकांना शिवत नाहीत.

मात्र ६० हर्ट्झच्या एसीमुळे हा सिग्नल सेकंदाला १२० वेळा तुटतो. तो सलग ५० मिलिसेकंद बंद राहिला, तरच बटण सुटलं असं प्रोग्रामनं धरावं. नाहीतर एकाच पाहुण्यासाठी फोनवर अलर्टची रांग लागते.