स्लाईड तयार आहेत, पण वाचून दाखवायच्या नाहीयेत: स्पीकर नोट्स कशा लिहायच्या?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल, किंवा ऐकून झाल्यावर एखादी गोष्ट परत बघायची असेल, तर हा त्याचा लिखित अवतार. बोलताना मी जिथे भरकटले तो भाग काढून टाकलाय, बाकी सगळं तसंच आहे.

तर झालं असं. माझी मावसबहीण बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भूगर्भशास्त्र. मागच्या सेमिस्टरला सेमिनारमध्ये तिने मोबाईलवर लिहून आणलेलं सगळं वाचून दाखवलं. दुसऱ्या स्लाईडवर ओळ हरवली, तीच ओळ पुन्हा वाचली, आणि सर म्हणाले, "वाचायचंच असेल तर फाईल पाठवून दे, आम्ही वाचतो." वर्ग हसला. यंदा पुन्हा सेमिनार होता. विषय लोणार सरोवर, आठ स्लाईड, आठ मिनिटं. स्लाईड तिच्या ग्रुपमधल्या मुलाने बनवलेल्या आणि गाईडने पास केलेल्या, म्हणजे त्यात एक अक्षर बदलता येणार नव्हतं. मला फोन आला, "ताई, नोट्स लिहिल्यात, जरा बघतेस का?"

बघितल्या. पाचव्या स्लाईडवर चार मुद्दे होते: जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले, पातळी घटून क्षारता वाढली, हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची वाढ झाली, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अभ्यास केला. आणि खाली तिची नोट अशी सुरू होत होती: "सदर सरोवराच्या पाण्याची पातळी घटल्याने व बाष्पीभवनामुळे क्षारतेत लक्षणीय वाढ होऊन..." अशा तब्बल बारा ओळी.

आता ही नोट चुकीची नाहीये. पण ती वाचण्यासाठी लिहिलीये. समोर पूर्ण वाक्य दिसलं की घाबरलेला माणूस ते वाचणारच, कारण त्या क्षणी तोच सगळ्यात सुरक्षित आधार वाटतो. मग नजर खाली जाते. एकदा वर बघितलं की परत येताना बारा ओळींतली आपली ओळ सापडत नाही. मागच्या वेळी नेमकं हेच झालं होतं. त्यात "सदर" आणि "लक्षणीय" हे शब्द ती एरवी तोंडाने कधी उच्चारतही नाही, त्यामुळे जीभ अडखळते ती वेगळीच.

म्हणून मी तिला सांगितलं, "नोट्स पुसून टाक. आधी बोल, मग लिही."

आधी बोला, मग लिहा

फोनवर व्हॉइस रेकॉर्डर चालू करायचा, स्लाईड समोर ठेवायची आणि ती स्लाईड घरातल्या कोणालातरी समजावून सांगायची. तिने आईला सांगितली. रेकॉर्डिंगमध्ये ती काय बोलली बघा:

"अगं, लॉकडाऊन होता ना, तेव्हा जूनमध्ये सगळीकडे फोटो फिरायला लागले, लोणारचं पाणी गुलाबी झालं म्हणून. झालं काय, की पाणी आटलं, पण त्यातलं मीठ काही उडून जात नाही. तू आमटी जास्त आटवलीस की खारट होते ना, तसंच. आणि एवढ्या खाऱ्या पाण्यात आवडीने वाढणारे सूक्ष्मजीव असतात, त्यांच्यात गुलाबी रंग असतो. ते वाढले. मग पाऊस आला, पाण्याचा खारटपणा कमी झाला, ते तळाशी बसले, आणि रंग गेला."

मुद्दे तेच आहेत, पण आता ही गोष्ट झालीये. यातली आमटी स्लाईडवर नाहीये. पाऊस आल्यावर काय झालं तेही नाहीये. नोट्समध्ये जायला हवं ते हेच! जे स्लाईडवर आधीच लिहिलंय ते नोट्समध्ये परत लिहायचं नाही, कारण ते समोरच्यांना दिसतंच आहे. तुम्ही सांगायचं ते त्यामागचं "का" आणि "मग काय झालं".

एका स्लाईडची नोट

रेकॉर्डिंग परत ऐकायचं आणि प्रत्येक वळणावरचा एकच शब्द टिपायचा, जो दिसला की पुढचं आपोआप आठवेल. तिची पाचव्या स्लाईडची नवीन नोट अशी झाली:

आत येताना: "हिरवट दिसणारं हे पाणी 2020 मध्ये गुलाबी झालं. का?"
(फोटोकडे हात. थांब.)
लॉकडाऊन, फोटो
आमटी
गुलाबी जीव: हॅलो-आर्किया
पाऊस, रंग गेला
आघारकर संस्था, पुणे
बाहेर जाताना: "म्हणजे हे पाणी जिवंत आहे. आता त्याला धोका कशाचा, ते बघू."

पूर्ण वाक्यं फक्त दोनच आहेत, पहिलं आणि शेवटचं. कारण अडकायला होतं ते बहुतेक स्लाईड बदलताना. नवीन स्लाईड येते, आपण तिच्याकडे बघतो, आणि "तर, इथे असं आहे की..." सुरू होतं. शेवटचं वाक्य बटण दाबायच्या आधी बोलायचं, म्हणजे पुढची स्लाईड तुमच्या मागून येते. मधल्या भागात मात्र वाक्य लिहायचंच नाही.

"आमटी" हा शब्द दुसऱ्या कोणाला कळणार नाही. कळायची गरजही नाही. नोट तुमच्यासाठी आहे.

जे चुकवून चालणार नाही, ते उच्चारासारखं लिहा

काही गोष्टी मात्र आठवणीवर सोडायच्या नाहीत: आकडे, नावं, व्याख्या. तिसऱ्या स्लाईडवर विवराचं वय दिलं होतं, 570 ± 47 ka. घाबरलेली असताना ती हे "पाचशे सत्तर प्लस मायनस..." असं वाचणार आणि तिथेच थांबणार. नोटमध्ये लिहिलं: "सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षं." ka म्हणजे हजार वर्षं, त्यामुळे मागचा 47 चा आकडा म्हणजे 47 हजारांचा फरक. तो स्लाईडवर दिसतोय, बोलायची गरज नाही.

त्याखाली आणखी एक ओळ: "विचारलं तर: जुना अंदाज 50 हजारांच्या आसपास, वेगळी पद्धत." कारण लोणारचं वय बऱ्याच ठिकाणी 50 हजार वर्षं असं छापलेलं सापडतं. पाच लाख सत्तर हजार हा आकडा आर्गॉन वायूवरून वय काढायच्या पद्धतीने नंतर आलाय. परीक्षक हे विचारणार, हे उघड होतं. ही ओळ बोलायची नसते. ती खाली आहे एवढं माहीत असलं तरी निम्मी धडधड कमी होते.

नोट बरोबर जमली का, हे कसं कळणार?

नोट समोर ठेवून तीच स्लाईड तीन वेळा रेकॉर्ड करा आणि तिन्ही ऐका.

तिन्ही वेळा शब्दन् शब्द तोच असेल, तर तुम्ही पाठ केलंय किंवा वाचताय. पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं निसटतं. अशा वेळी नोट अजून छोटी करा. एकाच जागी दोनदा अडकलात, तर तिथला शब्द कच्चा आहे, तो बदला. तिचा आधी "क्षारता" असा शब्द होता, त्यावरून तिला काहीच आठवेना. "आमटी" लिहिल्यावर गाडी सुटली. आणि तिन्ही वेळा शब्द वेगळे पण क्रम तोच आला, तर नोट जमली.

वेळही तिथेच कळते. तिची आठ स्लाईडची पहिली बेरीज अकरा मिनिटं निघाली. आपण काय केलं असतं? भरभर बोललो असतो. त्याऐवजी तिने नोट्समधले काही शब्द कंसात टाकले, म्हणजे उशीर झाला तर हे सोडायचं. आणि चौथ्या स्लाईडच्या नोटवर वरच लिहिलं, "इथे 3:30." घड्याळात त्याहून जास्त झालं असेल, तर कंसातलं गाळायचं.

आता स्क्रीनचं बघू

पॉवरपॉइंटमध्ये Presenter View चालू केला की नोट्स तुमच्या स्क्रीनवर दिसतात आणि प्रोजेक्टरवर फक्त स्लाईड जाते. पण त्यासाठी दोन्ही स्क्रीन वेगळ्या हव्यात. विंडोजमध्ये `Windows + P` दाबून Extend निवडा. Duplicate राहिलं तर तुम्हाला दिसतं तेच सगळ्या वर्गाला दिसणार, "आमटी"सकट. घरी एकाच स्क्रीनवर सराव करायचा असेल तर `Alt + F5`. नोट्सची अक्षरं मोठी करायचं बटण तिथेच खाली असतं. स्क्रोल करावं लागलं तर समजा नोट लांब झालीये.

आणि फाईलची PDF करून दिलीत, तर साधारणपणे नोट्स त्यात जात नाहीत. हे सेमिनार हॉलमध्ये पोचल्यावर कळणं म्हणजे संपलंच!

म्हणून कार्डं हवीतच. साधा कागद हातात थरथरतो आणि ते सगळ्यांना दिसतं. तिने घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजू कापल्या, जाड असतात त्या. एका स्लाईडला एक कार्ड, कोपऱ्यात मोठा नंबर, आणि भोक पाडून दोऱ्याने बांधलेली, म्हणजे हातातून पडली तरी क्रम बिघडणार नाही.

शेवटी झालं काय?

हॉलमधल्या कॉम्प्युटरवर स्क्रीन काही केल्या वेगळ्या होईनात. तिने कार्डं काढली. सहाव्या स्लाईडवर अडकली. तेव्हा तिने `B` दाबलं. पॉवरपॉइंट स्लाईड शोमध्ये त्याने पडदा काळा होतो, आणि पुन्हा दाबलं की स्लाईड परत येते. सगळे पडद्याकडे बघत असताना तिने कार्ड बघितलं आणि पुढे सुरू केलं. सरांनी वयाचा प्रश्न विचारलाच. तिने कार्डाकडे न बघता उत्तर दिलं.

रात्री तिचा मेसेज आला: "ताई, आमटी चालली."

तुमचा सेमिनार जवळ आला असेल, तर आज सगळ्या स्लाईड घेऊन बसू नका. सगळ्यात अवघड वाटते ती एकच उघडा, रेकॉर्डर लावा आणि घरात जो मोकळा असेल त्याला ती सांगा. त्यात तुमची "आमटी" कुठली निघाली, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!