पॅप स्मिअरच्या अहवालातला ‘अ‍ॅस्कस’

अडतीस वर्षांच्या एका बाईच्या हातात पॅप स्मिअरचा अहवाल येतो, त्यावर शेरा असतो ‘अ‍ॅस्कस’. ‘पेशी असामान्य’ एवढंच वाचून घरचे कॅन्सर झाला असं धरून चालतात. ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. गर्भाशयमुखाच्या पेशी थोड्या वेगळ्या दिसल्या, पण कशामुळे ते काचपट्टीवरून ठरेना, एवढाच या शेऱ्याचा अर्थ. साधी सूज किंवा जंतुसंसर्ग असला तरी असं दिसू शकतं.

म्हणून पुढची पायरी असते एचपीव्ही या विषाणूची तपासणी. विषाणू नसेल तर साधारण तीन वर्षांनी पुन्हा चाचणी पुरते. असेल तर कॉल्पोस्कोपी. यात डॉक्टर गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून भिंगातून पाहतात. बिघडलेला भाग पांढरा पडतो आणि तिथला इवलासा तुकडा बायॉप्सीसाठी घेतात. निदान ठरतं ते या तुकड्यावरून. स्मिअर फक्त इशारा देते.

बायॉप्सीत ‘सीआयएन १’ आलं, तर बहुधा उपचार लागत नाहीत, कारण हा बदल बऱ्याचदा आपोआप ओसरतो. पुढच्या तपासण्या मात्र चुकवू नयेत. ‘सीआयएन ३’ हाही कॅन्सर नव्हे, पण तो तसाच सोडला तर काही वर्षांत होऊ शकतो. त्यामुळे विजेच्या तारेच्या फासाने तेवढा भाग काढतात, बहुतेकदा फक्त तिथलीच जागा बधिर करून.

स्मिअरमध्येच ‘एचसिल’ आलं, तर एचपीव्हीच्या अहवालासाठी थांबू नये. थेट कॉल्पोस्कोपी करून घ्यावी.